६.७० म्हणजे नेमके किती टक्के?

गेल्या मे महिन्यात भाचा एक ऑनलाइन अर्ज भरायला आमच्याकडे डिचोलीला आला. त्याने बेळगावला व्हीटीयू या कर्नाटकातल्या तंत्रज्ञान विद्यापीठाखालच्या कॉलेजातून इंजिनिअरिंग केलंय. डिचोली, फोंड्याकडची बरीच पोरं चोर्ल्याचा घाट चढून तिकडे शिकायला जातात, त्यांतलाच हा एक. सीजीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेड पॉइंटांची दहापैकी सरासरी, ६.७०. अर्जात एक चौकट होती, ‘पदवीचे टक्के’, आणि वर अट होती किमान ६०. त्याने मोबाइल काढला, ६.७० गुणिले ९.५ केलं, ६३.६५ आले आणि तो आकडा चौकटीत टाकून मोकळा झाला.

“हे साडेनऊ कुठून आणलंस?” मी विचारलं.

“सगळे तेच करतात, मामा.”

सगळे तेच करतात हे खरं आहे. मी उच्च माध्यमिकला गणित शिकवतो, त्यामुळे दरवर्षी जून-जुलैत असे पाच-दहा जण तरी दारात येतात आणि दहातले आठ जण साडेनऊनेच गुणतात. पण त्याच्या तुकडीला लागू असलेल्या व्हीटीयूच्या नियमात सूत्र वेगळं आहे. सीजीपीएतून ०.७५ वजा करायचे आणि मग दहाने गुणायचं. ६.७० मधून ०.७५ गेले, राहिले ५.९५. म्हणजे ५९.५ टक्के. एका सूत्राने पोरगा अटीत बसतो, दुसऱ्याने अर्ध्या टक्क्याने बाहेर पडतो. त्याला ते मुळीच पटेना. “मार्क तर तेच आहेत ना? मग टक्के दोन कसे?”

प्रश्न बरोबर होता. उत्तराला मात्र कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

आधी त्या साडेनऊची गोष्ट. सीबीएसईने दहावीला गुणांऐवजी ग्रेड द्यायला सुरुवात केली आणि २०१० ते २०१७ या काळातल्या निकालांवर सीजीपीए छापला. टक्के हवेच असतील त्यांच्यासाठी बोर्डाने एक अंदाजी वाट काढून दिली. ९१ ते १०० गुणांच्या वरच्या पट्ट्यात बसणाऱ्या मुलांना प्रत्यक्षात सरासरी किती गुण पडतात, हे मागच्या पाच वर्षांच्या निकालांवरून पाहिलं, तर ते ९५ च्या आसपास निघाले. या पट्ट्याचा ग्रेड पॉइंट १०. म्हणून ९५ भागिले १०, म्हणजे ९.५. साडेनऊचा उगम एवढाच, एका बोर्डाच्या दहावीच्या निकालातला. आपल्या गोवा बोर्डात शिकलेल्या माझ्या भाच्याचा त्याच्याशी दहावीतही संबंध आला नव्हता आणि बेळगावातही नाही. पण तोवर तो आकडा इतका पसरला होता, की सीजीपीए म्हटलं की पोरांची बोटं आपोआप ९.५ टाइप करतात.

आता मूळ मुद्दा. सीजीपीए म्हणजे टक्क्यांमधला एक शून्य काढून टाकलेला आकडा, असं आपण मनात धरतो आणि तिथेच फसतो. टक्केवारी उंची मोजते. ग्रेड पॉइंट तुम्ही जिन्याच्या कितव्या पायरीवर उभे आहात एवढंच सांगतो. पायरीच्या काठावर उभे आहात की आत भिंतीला टेकून, हे त्यात कुठेच नोंदलेलं नसतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक विद्यापीठाच्या जिन्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीच्या असतात.

यूजीसीने २०१५ च्या सुमारास क्रेडिट पद्धतीसाठी, म्हणजे प्रत्येक विषयाला वजन देणाऱ्या पद्धतीसाठी, दहा अंकांची एक मोजपट्टी सुचवली. ओ म्हणजे १०, ए प्लस म्हणजे ९, ए म्हणजे ८, असं उतरत पी म्हणजे ४, आणि नापासाला शून्य. पण ओ मिळायला किती गुण हवेत, ए प्लसची हद्द कुठे संपते, हे ठरवणं विद्यापीठांवर सोडलं. नावं सारखी, पॉइंट सारखे, पायऱ्या ज्याच्या त्याच्या.

भाच्याला मी दोन जिने काढून दाखवले. पहिल्यात पायऱ्या एकसारख्या, दहा-दहा गुणांच्या. नव्वद आणि वर असेल तर १०, ऐंशीच्या घरात ९, सत्तरीत ८, साठीत ७, पन्नाशीत ६. दुसरा मुंबई विद्यापीठात काही वर्षं चाललेल्या पट्टीसारखा. तिथे ऐंशी आणि त्यावर सगळे १०, सत्तरीत ९, साठीत ८, मग ५५ ते ५९ ला ७, ५० ते ५४ ला ६, ४५ ते ४९ ला ५ आणि ४० ते ४४ ला ४. म्हणजे वरची पायरी चांगली वीस गुणांची ऐसपैस, खालच्या पाच-पाच गुणांच्या अरुंद.

मग एका मुलीचं एक सेमिस्टर कल्पून घेतलं. चार मोठे विषय चार-चार क्रेडिटचे, दोन प्रॅक्टिकल दोन-दोन क्रेडिटची. एकूण २० क्रेडिट. तिचे गुण दोन्ही जिन्यांवर ठेवून पाहिले:

| विषय | क्रेडिट | गुण | पहिला जिना | दुसरा जिना |
|---|---|---|---|---|
| पहिला | ४ | ६९ | ७ | ८ |
| दुसरा | ४ | ७१ | ८ | ९ |
| तिसरा | ४ | ६० | ७ | ८ |
| चौथा | ४ | ५८ | ६ | ७ |
| प्रॅक्टिकल १ | २ | ८२ | ९ | १० |
| प्रॅक्टिकल २ | २ | ८९ | ९ | १० |

प्रत्येक विषयाचा पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. पहिल्या जिन्यावर बेरीज १४८ येते, भागिले २०, म्हणजे ७.४०. दुसऱ्यावर १६८ भागिले २०, म्हणजे ८.४०. गुण तेच, उत्तरपत्रिका त्याच, आणि एका विद्यापीठात मुलगी सात पॉइंट चार, दुसऱ्यात आठ पॉइंट चार.

तिचे खरे गुण आपल्याला माहीत आहेत. क्रेडिटचं वजन देऊन सरासरी काढली, तर ६८.७ येतात. आता सूत्रं लावून बघा. ७.४० ला साडेनऊने गुणलं तर ७०.३. ०.७५ वजा करून दहाने गुणलं तर ६६.५. दोन्ही खऱ्या आकड्यापासून दीड-दोन टक्क्यांच्या अंतरावर, म्हणजे चालण्यासारखे. पण तीच सूत्रं ८.४० वर चालवली, की साडेनऊने ७९.८ येतात आणि ०.७५ वाल्याने ७६.५. अडुसष्टची मुलगी थेट ऐंशीला टेकली! सूत्रात चूक नाही, ते दुसऱ्याच जिन्यासाठी बनवलेलं होतं.

इथे भाच्याचे डोळे जरा उघडले. “म्हणजे सूत्र जिन्यावरून काढायचं?” अगदी तसंच.

पहिल्या जिन्याचं सूत्र कुणीही घरी बसून काढू शकतं. ७ च्या पायरीवर ६० ते ७० मधले लोक उभे आहेत. ते सगळीकडे सारखेच विखुरले आहेत असं धरलं, तर त्यांचा मध्य ६५. आठच्या पायरीचा ७५, नऊच्या पायरीचा ८५. म्हणजे पॉइंट गुणिले दहा, वजा पाच. हेच दुसऱ्या शब्दांत ०.५ वजा करून दहाने गुणणं, आणि हैदराबादच्या जेएनटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाने हेच सूत्र वापरलेलं आहे. आपल्या मुलीला ते लावलं तर ७.४० चे ६९ होतात, खऱ्या ६८.७ च्या अगदी जवळ.

मग व्हीटीयूचे ०.७५ कशासाठी? तंत्रशिक्षणाच्या परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, आपल्या नियमपुस्तिकेत एक कोष्टक दिलं आहे. ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७० आणि ८.२५ म्हणजे ७५. हे आकडे जोडून पाहा, प्रत्येक ठिकाणी ०.७५ वजा आणि गुणिले दहा हेच निघतं. जिन्याच्या भाषेत बोलायचं तर हे सूत्र माणूस पायरीच्या मधोमध नाही, काठापासून पाव अंतरावर उभा आहे असं धरतं. सातच्या पायरीला ६५ न म्हणता ६२.५ म्हणतं.

हा कंजूषपणा वाटेल, पण पेपर तपासणाऱ्या माणसाला विचारा. ५९ वर अडकलेल्या पोराला कुठेतरी एक गुण सापडतो आणि तो ६० वर जातो. ६९ वाल्याला तसा कुणी ७० वर ढकलला, तर तोही पुढच्या पायरीच्या अगदी काठावर जाऊन उभा राहतो. पायरीचा काठ असा नेहमी गजबजलेला आणि वरचं टोक रिकामं राहतं. शिवाय साठ-सत्तरमध्ये मुळातच ६२-६३ वाले जास्त असतात आणि ६८-६९ वाले कमी, कारण वर जाऊ तशी गर्दी विरळ होते. मध्य धरण्यापेक्षा थोडं खाली धरणं म्हणूनच वास्तवाला सोडून नाही. हा माझा तर्क आहे, कुठल्या परिपत्रकातलं वाक्य नाही, पण बत्तीस वर्षं लाल पेन हातात धरल्यावर सुचलेला आहे.

दुसऱ्या जिन्याचं काय? तिथे मध्य काढायला गेलं की गंमत होते. १० च्या पायरीचा मध्य ९०, ९ चा ७५, ८ चा ६५, ७ चा ५७.५, ६ चा ५२.५. वरून खाली येताना आधी पंधराने उतरलो, मग दहाने, मग साडेसातने, मग पाचने. हे बिंदू कागदावर मांडले तर ते एका रेषेत येतच नाहीत, खाली सपाट आणि वर ताठ होत जाणारी वाकडी ओळ दिसते. इथे विद्यापीठापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर सीजीपीएच्या प्रत्येक टप्प्याला वेगळं सूत्र द्यायचं. ते अचूक असतं, पण कार्यालयातल्या खिडकीवर समजावताना घाम फुटतो. नाहीतर सगळ्या बिंदूंमधून जमेल तशी एक सरळ रेष मारायची. खालच्या टोकाला ४ पॉइंटचे ४२.५ आणि वरच्या टोकाला १० चे ९० असे दोनच बिंदू घेतले, तर रेषा येते साधारण ७.९ ने गुणा आणि ११ मिळवा, अशी. मुंबईच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या तोंडी ७.१ ने गुणून वर काहीतरी मिळवण्याचं सूत्र असतं, ते याच जातीचं. पहिल्यांदा ऐकताना ते कुणीतरी स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं, पण जिना समोर ठेवला की गुणकार दहाहून इतका कमी का आणि वर मिळवायची भानगड कशाला, हे दोन्ही कळतं.

कुठलीही एक रेष मारली की ती कुणावर तरी अन्याय करणार, हेही त्याच कागदावर दिसतं. ७.९ आणि ११ वाली रेष आपल्या ८.४० च्या मुलीला ७७ पेक्षा जास्त देते, कारण मधल्या भागात वाकडी ओळ रेषेच्या बरीच खाली झुकलेली आहे. गुणकार कमी करून रेष खाली ओढली तर मधल्यांचं बरोबर येतं आणि टोकाच्यांचे टक्के कापले जातात. कुणाला जवळचं उत्तर द्यायचं हे विद्यापीठाने ठरवायचं. म्हणून पायऱ्या सारख्या असलेल्या दोन विद्यापीठांचीही सूत्रं जुळत नाहीत.

एक प्रश्न भाच्याने चांगला विचारला. “पायरीवर कुठे उभा आहे तेच माहीत नसेल, तर अंदाज पाच टक्क्यांनी चुकू शकतो की!” एका विषयापुरतं ते खरंच आहे. प्रत्येक विषयात ६० घेणारा आणि प्रत्येक विषयात ६९ घेणारा, पहिल्या जिन्यावर दोघांचाही सीजीपीए ७.०० च. पण असा माणूस प्रत्यक्षात भेटत नाही. पदवीपर्यंत चाळीसेक पेपर होतात. कुणाचा एक पेपर काठावर, दुसरा भिंतीला, आणि सगळं मिसळून सरासरी मधल्या भागात येऊन बसते. सीजीपीए जितक्या जास्त विषयांचा, तितका सूत्राचा अंदाज बरा. एकाच सेमिस्टरच्या एसजीपीएवर हीच सूत्रं लावली तर भरवसा कमी. आणि विषय राहिलेला असेल तर अजिबात नको. नापासाला ३५ गुण असले तरी पॉइंट शून्य धरतात, आणि शून्य सीजीपीएला व्हीटीयूचं सूत्र लावा, उणे साडेसात टक्के येतील.

एका प्रकारच्या सीजीपीएला मात्र हा जिनाही लागू नाही. झुआरीनगरला बिट्स पिलानीचं गोवा कॅम्पस आहे. तिथे ग्रेड वर्गाच्या तुलनेत ठरते. पेपर अवघड निघाला आणि वर्गाची सरासरी चाळिशीत घसरली, तर ६२ वाल्यालाही ए मिळू शकतो, म्हणजे १० पॉइंट. पेपर सोपा असेल तर ८५ लाही बी. इथे पायऱ्यांची उंची प्रत्येक विषयाला, प्रत्येक वर्षी बदलते. अशा सीजीपीएचे टक्के काढणं म्हणजे शर्यतीत तिसरा आलेल्याला तू ताशी किती वेगाने पळालास असं विचारणं. कागदावर आकडा लिहिता येतो, पण तो गुणांचा नसतो. अशा संस्थांच्या मुलांकडून टक्के मागितले जातात तेव्हा बहुधा सरळ दहाने गुणलेला आकडा चालतो, आणि त्यामागे गणितापेक्षा सोय जास्त असते.

हे सगळं समजून घेतल्यावर अर्जात काय लिहायचं, हे उलट सोपं होतं. तुमच्या विद्यापीठाने, तुमच्या तुकडीच्या नियमाप्रमाणे दिलेलं सूत्र, बस्स. तुमच्या तुकडीच्या, हे मुद्दाम म्हणतोय. अभ्यासक्रमाची आवृत्ती बदलली की पायऱ्या बदलतात आणि त्यासोबत सूत्रही. केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठात २०१५ च्या तुकडीला सीजीपीए गुणिले दहा, वजा ३.७५ असं होतं. पुढच्या अभ्यासक्रमाच्या मुलांनी तेच धरून चालणं धोक्याचं. मोठ्या भावाने वापरलेलं सूत्र धाकट्याला लागू होईलच असं नाही. ते कुठे सापडतं? बऱ्याचदा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, जिथे कुणी बघत नाही. भाच्याची गुणपत्रिका लॅमिनेट केलेली होती आणि झेरॉक्सवाल्याने फक्त पुढची बाजू काढून दिली होती.

नोकरभरतीवाले सूत्र तपासतात का? तपासतात, पण उशिरा. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की ग्रेड असेल तर टक्क्यांत बदलून भरा, आणि मुलाखतीला बोलावलं तर विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे बदल केल्याचं योग्य अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणा. म्हणजे अर्जाच्या वेळी साडेनऊने गुणलेले ६३.६५ संगणक मुकाट्याने घेईल. परीक्षा होईल, पोरगा पास होईल, आणि शेवटच्या टेबलावर कागदांचा ताळमेळ लागणार नाही. त्याच जाहिरातीत आणखी एक ओळ असते: अपूर्णांक सोडून दिला जाईल, ५९.९९ हे ६० पेक्षा कमीच धरले जातील. एवढे डोळ्यांत तेल घालून बसलेले लोक ५९.५ ला काय म्हणणार!

ज्यांच्या गुणपत्रिकेवर ग्रेडसोबत प्रत्यक्ष गुणही छापलेले असतात, त्यांनी सूत्राच्या नादाला न लागता जाहिरातीत काय मागितलंय ते वाचावं. सगळ्या सेमिस्टरच्या सगळ्या विषयांचे मिळालेले गुण भागिले एकूण गुण, असं मागितलं असेल तर तेच करायचं. फक्त तो आकडा क्रेडिटच्या वजनाने काढलेल्या आकड्याशी जुळेलच असं नाही, हे आधी माहीत असावं. आपल्या मघाच्या मुलीचे सहा विषयांचे गुण नुसते मिळवले तर ४२९ होतात, म्हणजे ७१.५ टक्के. क्रेडिट धरून तेच ६८.७ होते. प्रॅक्टिकलचे भरघोस गुण साध्या बेरजेत जास्त जागा खातात, म्हणून हा फरक.

आणि एक किरकोळ गोष्ट, पण पोरं हमखास करतात. सहा किंवा आठ सेमिस्टरच्या एसजीपीएंची साधी सरासरी काढून त्यालाच सीजीपीए म्हणतात. सेमिस्टरांचे क्रेडिट सारखे असतील तरच ते बरोबर येतं. छापलेला सीजीपीए घ्यावा, तोही दोन दशांशांसकट. ६.७० चे ६.७ चालतील, ६.७४ चे ६.७ केलेत तर दहाने गुणताना स्वतःच्या हाताने ०.४ टक्के घालवलेत.

भाच्याने ६३.६५ खोडले. ६० ची अट असलेला तो अर्ज राहिलाच. संध्याकाळी त्याने ५५ ची अट असलेला दुसरा एक शोधला आणि त्यात ५९.५० भरले. प्रमाणपत्रासाठी कॉलेजला कधी जायचं तेही ठरवलं. एवढ्यात शेजारची आजी डोकावली आणि तिने गोव्यात प्रत्येक पदवीधराला विचारला जाणारा प्रश्न विचारला. किती टक्के पडले रे?

“साडेएकोणसाठ.”

“मगे साठच सांग रे पुता,” आजी म्हणाली.